फोटोवरून बनावट हँडबॅग ओळखताना: ठसा, टाके आणि कोरीव अक्षरे कोणत्या क्रमाने तपासावीत

गेल्या काही वर्षांत मुंबईत वापरलेल्या महागड्या बॅगांची खरेदी-विक्री मुख्यतः फोन्सवरच होऊ लागली आहे. वांद्र्याची विक्रेती चार फोटो पाठवते, ठाण्याचा ग्राहक ते दोन मैत्रिणींना दाखवतो, एकीला खरी वाटते, दुसरीला खोटी वाटते आणि शेवटी किंमत पाहून निर्णय होतो. माझ्याकडे असे फोटो सतत येतात आणि त्यांत एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते: पाठवणारा थेट निकाल विचारतो, पण निकाल देता येईल असा फोटो मात्र एकही नसतो.

सगळ्या ब्रँडची लक्षणे एकाच लेखात घातली तर काहीच नीट सांगून होणार नाही, म्हणून येथे लुई व्हिटॉनची मोनोग्राम कॅनव्हासची स्पीडी ३० ही एकच बॅग घेतली आहे. वापरलेल्या बॅगांच्या जाहिरातींत ती वारंवार दिसते आणि तिच्या नकलाही उदंड आहेत. सोबत ठाण्याच्या एका वाचकाने पाठवलेले प्रकरण टप्प्याटप्प्याने दिले आहे. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार ती बॅग २०१२ मध्ये पॅरिसला घेतलेली होती.

टप्पा १: फोटो मागून घेणे

निम्म्याहून अधिक चुका येथेच होतात. जाहिरातीतले फोटो बॅग सुंदर दिसावी म्हणून काढलेले असतात, तपासणीसाठी नव्हे. म्हणून विक्रेत्याकडून पुढील फोटो नव्याने मागावेत: बॅगेची पुढची आणि मागची बाजू पूर्ण, चामड्यावरचा नावाचा ठसा जवळून, हँडलच्या चारही बुडांचे चार वेगळे फोटो, कुलपाची पुढची बाजू आणि तळ, चेनच्या रनरची जवळून घेतलेली बाजू, आणि आतल्या खिशाखालच्या चामडी पट्टीवरचा कोड. कोडच्या पट्टीसाठी खिसा वर उचलून शिवणीजवळ पाहावे लागते, हे विक्रेत्याला स्पष्ट सांगावे, नाहीतर ‘कोड नाहीच’ असे उत्तर येते.

फोटो कसा काढायचा हेही सांगावे लागते. मोबाइल बॅगेला अगदी चिकटवून काढलेल्या फोटोत कडेची अक्षरे ताणली जातात आणि गोल ‘ओ’ अंडाकृती दिसू लागतो. त्याऐवजी वीतभर अंतर ठेवून दुप्पट झूम करावे. प्रकाश खिडकीचा असावा, फ्लॅश बंद असावा, आणि रंग किंवा चेहरा खुलवणारे कोणतेही फिल्टर नसावे, कारण ते नेमके टाक्यांच्या कडाच पुसून टाकतात. फोटो व्हॉट्सॲपवर साध्या रीतीने न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. साधा पाठवलेला फोटो आकाराने लहान होऊन येतो आणि झूम केल्यावर अक्षराच्या जागी चौकोनी ठिपके दिसतात.

आता सर्वांत उपयोगी गोष्ट. ठशाच्या आणि हँडलच्या बुडाच्या फोटोत शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवायला सांगावे. हे नाणे गोल असते आणि त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यामुळे त्याची दोन कामे होतात. फोटोत नाणे गोल दिसले तर कॅमेरा सरळ धरला होता, लांबट दिसले तर तिरका. शिवाय टाक्यांची लांबी मोजायला तीच पट्टी होते. बॅग मऊ असल्यामुळे आत एखादे जाडसर पुस्तक उभे ठेवून पृष्ठभाग सपाट करावा आणि बॅग पाठीवर निजवून नाणे ठशाच्या अगदी लगत ठेवावे.

*इशारा:* कॅनव्हासवर किंवा चामड्यावर चिकटपट्टीने नाणे लावायला कोणालाही सांगू नये. कच्च्या चामड्यावर तिचा डाग कायमचा राहतो.

टप्पा २: फोटो याच बॅगेचे आहेत का

नक्षी आणि टाके पाहण्याआधी हा प्रश्न निकालात काढावा. खऱ्या बॅगेचे फोटो दाखवून नकली बॅग पाठवणे ही जुनी युक्ती आहे आणि तिच्यापुढे पुढची सगळी तपासणी निरुपयोगी ठरते. विक्रेत्याने कागदाच्या चिठ्ठीवर आजची तारीख आणि तुम्ही सांगाल तो एखादा शब्द लिहून ती बॅगेसोबत फोटोत ठेवावी. चिठ्ठी फक्त पूर्ण बॅगेच्या फोटोत असेल तर पुरेसे नाही, ठशाच्या फोटोतही ती हवी.

त्यानंतर खुणा जुळवाव्यात. स्पीडीची हँडले कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या चामड्याची असतात. हात लागून, ऊन लागून ती मधासारखी गडद होत जातात आणि पाण्याचा थेंब पडला की डाग उरतो. मुंबईच्या पावसाळ्यात वापरलेल्या बॅगेवर असे डाग हमखास सापडतात आणि प्रत्येक बॅगेचे डाग वेगळे असतात. पूर्ण फोटोत डाव्या हँडलवर दिसणारा डाग जवळच्या फोटोतही त्याच जागी आहे का, हे पाहावे. ठाण्याच्या प्रकरणात हे सगळे जुळले, म्हणजे फोटो त्याच बॅगेचे होते.

टप्पा ३: नावाचा ठसा

येथे सर्वाधिक वेळ द्यावा. ठशात ‘लुई व्हिटॉन’ हे नाव, त्याखाली ‘पॅरिस’ आणि त्याखाली बॅग जेथे तयार झाली त्या देशाचा उल्लेख असतो. पाहण्याजोगी अक्षरे तीनच: ओ, एल आणि लागोपाठ येणारे दोन टी.

खऱ्या ठशात ‘ओ’ जवळजवळ पूर्ण वर्तुळ असतो आणि शेजारच्या ‘एल’पेक्षा भरगच्च दिसतो. ‘एल’चा आडवा पाय आखूड असतो. दोन ‘टी’ इतके जवळ असतात की त्यांच्या आडव्या रेघा जवळजवळ चिकटतात, मध्ये केसाएवढीच फट राहते. नकलेत बहुधा नेहमीच्या छपाईचे अक्षर वापरलेले असते, त्यामुळे ‘ओ’ उभट, ‘एल’चा पाय लांब आणि दोन ‘टी’मध्ये इतर अक्षरांइतकेच अंतर दिसते.

आता मोजमाप. ठशाचा फोटो संगणकावर किंवा मोबाइलवर उघडून अक्षरांच्या ओळीप्रमाणे सरळ फिरवून घ्यावा, मग नाण्याची आणि ‘ओ’ची रुंदी व उंची पिक्सेलमध्ये पाहावी. ठाण्याच्या पहिल्या फोटोत ‘ओ’ ३९ पिक्सेल रुंद आणि ४८ पिक्सेल उंच होता, म्हणजे रुंदी उंचीच्या सुमारे ०.८१ पट. एवढ्यावर त्या वाचकाने ‘ओ उभट आहे, बॅग नकली’ असा निष्कर्ष काढून मला कळवला होता. पण त्याच फोटोत नाणे ४१२ पिक्सेल रुंद आणि ४८६ पिक्सेल उंच होते, म्हणजे सुमारे ०.८५ पट. नाणे तर गोलच असते, तेव्हा कॅमेरा बाजूने तिरका होता. ०.८१ ला ०.८५ ने भागले की सुमारे ०.९५ येते, आणि एवढ्या लहान अक्षरात रुंदी आणि उंची दोन्हींत एकेका पिक्सेलची चूक झाली तरी इतका फरक पडतो. ‘ओ’वरचा आरोप मागे घ्यावा लागला.

आम्ही सरळ धरून काढलेला दुसरा फोटो मागितला. त्यात नाणे गोल आले, ‘ओ’ही गोल आला. पण फोटो स्वच्छ आल्यामुळेच दुसरी गोष्ट दिसली. दोन ‘टी’मधली फट ‘आय’ आणि पहिल्या ‘टी’मधल्या फटीइतकीच होती. शिवाय अक्षरांच्या रेघा जाड आणि कडेला जळाल्यासारख्या गडद होत्या, आणि ‘पॅरिस’मधल्या ‘ए’च्या पोटातली मोकळी जागा जवळजवळ बुजली होती. नीट दाबलेल्या ठशात रेघ बारीक राहते आणि अक्षराची पोटे उघडी राहतात.

*तपासणी:* तुलना नेहमी त्याच मॉडेलच्या, त्याच काळातल्या, खात्रीच्या बॅगेच्या फोटोशी करावी. जुन्या बॅगेत वापराने ठसा फिकट होतो आणि चामडे फुगल्यास अक्षरे पसरतात. फिकट ठसा हा दोष नाही. पण झिजल्यामुळे दोन अक्षरांमधले अंतर बदलत नाही, म्हणून अंतरावर अधिक विसंबावे.

टप्पा ४: टाके

टाके पाहताना लोक आधी रंग पाहतात आणि तेथेच फसतात. या बॅगेचा धागा मोहरीकडे झुकणारा पिवळा, मेण लावलेला असतो, पण फोटोतला पिवळा रंग हा खोलीतल्या दिव्याचाही असू शकतो. काही वर्षांपूर्वी मी दादरच्या एका बाईंची बॅग केवळ धागा हिरवट दिसतो म्हणून नकली ठरवली होती. त्यांनी तीच बॅग दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत ठेवून पुन्हा फोटो पाठवला तेव्हा धागा व्यवस्थित पिवळा होता. हिरवटपणा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटचा होता. तेव्हापासून रंगाचा विचार मी सगळ्यात शेवटी करते.

आधी पाहायचे ते टाक्याचे रूप. खऱ्या शिवणीत प्रत्येक टाका किंचित तिरका असतो आणि सगळ्यांचा तिरकेपणा सारखाच असतो, पावसात एकाच बाजूला कललेल्या भातासारखा. साध्या मशीनने घाईत घातलेले टाके एका सरळ रेषेत, एकमेकांच्या शेपटीला लागलेले दिसतात. त्यानंतर नाण्याच्या व्यासाइतक्या, म्हणजे २७ मिलिमीटरच्या लांबीत किती टाके बसतात ते मोजावे आणि त्याच बॅगेवर तीन ठिकाणी मोजावे. नेमका आकडा किती यापेक्षा तिन्ही ठिकाणी तो सारखा येतो का, हे जास्त बोलके असते.

मग हँडलच्या चार बुडांचे चार फोटो शेजारी शेजारी लावावेत. वरच्या आडव्या कडेला किती टाके आहेत ते मोजावे. ‘वर पाचच टाके हवेत’ असा एक नियम बाजारात फिरतो. मी तो आकडा डोळे झाकून वापरत नाही, कारण तो ठाऊक असलेला नकलाकारही पाच टाके घालतो. चारही बुडांवर संख्या एकच आहे का, पहिला टाका कडेपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर सुरू होतो का, वळणावर टाके दाटीवाटीने पडले आहेत का, हे पाहणे अधिक उपयोगी ठरते. ठाण्याच्या बॅगेवर पाच, पाच, सहा आणि पाच असे टाके निघाले आणि सहा टाके असलेल्या बुडावर कोपऱ्यातला टाका आधीच्या टाक्याच्या भोकातच घुसला होता.

*इशारा:* एक बूड वेगळे दिसले तर दुरुस्तीची शक्यता आधी तपासावी. धारावीत चामड्याचे उत्तम कारागीर आहेत आणि तुटलेले हँडल अनेक जण तेथून शिवून घेतात. दुरुस्त केलेल्या जागी धाग्याची चमक आणि जाडी बाकीच्या तिन्ही बुडांपेक्षा वेगळी दिसते, शिवाय जुनी भोके रिकामी राहिलेली असतात. येथे धागा चारही ठिकाणी तोच होता आणि रिकामे भोक एकही नव्हते, म्हणजे बॅग मुळातच तशी शिवली गेली होती.

नक्षीविषयी थोडेसे

पारंपरिक स्पीडी ३० मध्ये कॅनव्हासचा एकच सलग तुकडा बॅगेच्या तळाखालून फिरवलेला असतो, त्यामुळे एका बाजूची अक्षरचिन्हे सुलट आणि दुसऱ्या बाजूची उलटी असतात. ‘मागच्या बाजूला अक्षरे उलटी आहेत, म्हणून नकली’ असे म्हणणारे निरोप मला महिन्याला दोन-तीन तरी येतात. येथे गोष्ट नेमकी उलट आहे. दोन्ही बाजूंना अक्षरे सुलट असतील आणि तळाला जोड दिसत असेल, तर मॉडेल कोणते हे विचारावे. नक्षीची रांग चेनला समांतर आहे का आणि डावी-उजवी बाजू सारखी पडते का, एवढे पाहून पुढे जावे.

टप्पा ५: कुलूप आणि कोरीव अक्षरे

धातूचा फोटो खिडकीच्या प्रकाशात समोरून काढला तर कोरीव अक्षर चमकून जाते आणि काहीच दिसत नाही. दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च बाजूने, अगदी खाली झुकवून लावायला सांगावे. तिरक्या प्रकाशात कोरलेल्या रेघेची एक कड उजळते आणि दुसरीची सावली पडते. रेघ खरोखर खोल असेल तर सावली स्वच्छ, एकसारखी दिसते. वरवर उमटवलेल्या अक्षरात सावली तुटक पडते किंवा पडतच नाही, आणि अक्षराभोवती धातूचे बारीक उंचवटे दिसतात. अक्षरांची ठेवण येथेही ठशाचीच असते: गोल ओ, आखूड पायाचा एल, जवळचे दोन टी. ठसा एका वळणाचा आणि कुलूप दुसऱ्याच वळणाचे असेल, तर ती विसंगती लिहून ठेवावी.

कुलूप भरीव पितळेचे असते. पितळ मुंबईच्या दमट हवेत काळवंडते, डाग धरते, पण त्याची साल निघत नाही. सोनेरी थर सुटून खाली रुपेरी किंवा करडा धातू दिसत असेल, तर ते भरीव पितळ नव्हे. याउलट कुलूप फार चकचकीत दिसले तर ते पितांबरीने घासले आहे का, असे विचारावे. घासलेल्या कुलपाची अक्षरे कडेला बोथट होतात आणि त्यावरून खऱ्याला खोटे ठरवण्याची चूक सहज होते.

कुलपावर एक क्रमांक असतो आणि किल्लीवरही तोच असतो. हा क्रमांक बॅगेचा नव्हे, तो अनेक कुलपांवर पुन्हा पुन्हा येतो. ठाण्याच्या बॅगेचे कुलूप आणि किल्ली यांचे क्रमांक जुळत नव्हते आणि वाचकाने यालाच सर्वांत मोठा पुरावा मानले होते. मी तो बाजूला ठेवला. किल्ल्या हरवतात, घरात दोन बॅगा असल्या की अदलाबदल होते. उलट त्या कुलपावरची अक्षरे निर्दोष होती, बहुधा कुलूप खरेच होते. अशी सुटी कुलपे विकत मिळतात, म्हणून खऱ्या कुलपावरून बॅग खरी ठरत नाही. चेनचा रनर बदलणे मात्र कठीण असते, त्यामुळे कुलपापेक्षा त्यावरच्या कोरीव कामाला जास्त वजन द्यावे. या बॅगेच्या रनरवर अक्षराच्या रेघा एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीशा झालेल्या होत्या, आणि उथळ बाजूला झिजेची एकही खूण नव्हती.

टप्पा ६: आतला कोड

कोड मुद्दाम शेवटी ठेवला आहे. बहुतेक लोक तो आधी पाहतात, तो जुळला की त्यांचे समाधान होते आणि मग ठशातला दोष डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

१९९० ते २००६ या काळातल्या कोडमध्ये दोन अक्षरे आणि चार आकडे असतात. पहिला आणि तिसरा आकडा मिळून महिना, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. २००७ पासून पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा सांगतात, वर्षाची जागा तीच राहते. ठाण्याच्या बॅगेवर SP3172 असा कोड होता: ३ आणि ७ म्हणजे ३७ वा आठवडा, १ आणि २ म्हणजे २०१२. अक्षरे कारखान्याची असतात, ‘एसपी’ फ्रान्सचा आणि ठशावरही फ्रान्सच होते. कोड सर्वार्थाने जुळला.

आणि तरीही त्यातून काहीच सिद्ध झाले नाही. हा कोड बॅगेचा अनुक्रमांक नाही, एका आठवड्यात एका कारखान्यात तयार झालेल्या सगळ्या बॅगांवर तो एकच असतो, त्यामुळे नकलाकार एखाद्या खऱ्या बॅगेचा कोड उचलून हजार बॅगांवर मारू शकतो. कोडचा उपयोग एकाच दिशेने होतो. CA6172 असा कोड असता तर ६७ वा आठवडा निघाला असता, जो वर्षात येतच नाही. शिवाय ‘सीए’ स्पेनचा असताना ठशावर फ्रान्स असते, तर तीही विसंगती ठरली असती. चुकलेला कोड बॅगेला पाडतो, बरोबर कोड तिला उचलत नाही.

*इशारा:* मार्च २०२१ पासून कंपनीने हे कोड थांबवून बॅगेत बाहेरून न दिसणारी चिप बसवायला सुरुवात केली. त्यामुळे अलीकडच्या बॅगेत कोड नसणे हा दोष नाही, आणि २०२२ मध्ये तयार झालेली म्हणून सांगितलेल्या बॅगेत ठळक कोड असेल तर खुलासा मागावा.

टप्पा ७: निरीक्षणे मांडणे

कागदावर तीन रकाने करावेत. पहिल्यात दुसरे कोणतेही कारण संभवत नाही असे दोष, दुसऱ्यात दुरुस्ती, झीज किंवा प्रकाश यांमुळेही होऊ शकणाऱ्या गोष्टी, तिसऱ्यात फोटो नीट नसल्याने न कळलेल्या गोष्टी. ठाण्याच्या प्रकरणात पहिल्या रकान्यात दोन ‘टी’मधले अंतर, बुजलेल्या पोटाचा ठसा, बुडांवरचे विषम टाके आणि रनरचे असमान कोरीव काम आले. दुसऱ्यात किल्लीचा क्रमांक आला. तिसरा रकाना रिकामा राहिला. पहिल्या रकान्यात एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन जागांचे दोष आले की मी खरेदी करू नका असे सांगते. एकच दोष असेल तर फक्त त्या जागेचा नवा फोटो मागते. तिसरा रकाना भरलेला असेल तर मत देतच नाही, आणि ‘अंदाजे तरी सांगा’ या आग्रहाला बळी पडत नाही.

या पद्धतीची मर्यादाही आहे. उत्तम दर्जाच्या नकलांमध्ये ठसा आणि टाके दोन्ही इतके जवळ नेलेले असतात की फोटोवरून ‘दोष सापडला नाही’ एवढेच म्हणता येते, ‘बॅग खरी आहे’ असे म्हणता येत नाही. चामड्याचा वास, कॅनव्हासचा कडकपणा, कुलपाचे वजन फोटोत येत नाही. वापरलेली बॅग ताजमधल्या किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ब्रँडच्या दुकानात नेऊन खरेपणाचा दाखला घेऊ, ही अपेक्षाही ठेवू नये, ती सेवा तेथे मिळत नाही. विक्रेत्याने दाखवलेले बिल आणि पेटी यांनाही मी रकान्यात जागा देत नाही, दोन्ही सुटे विकत मिळते.

ठाण्याच्या वाचकाने विक्रेत्याला ‘बॅग नकली आहे’ असे लिहिले नाही. त्याने ठशाचा फोटो, दोन ‘टी’भोवती लाल वर्तुळ काढून, खुलासा मागत पाठवला. उत्तरादाखल आधी बिलाचा फोटो आला, मग किंमत बेचाळीस हजारांवरून अठ्ठावीस हजारांवर आली, आणि रनरचा आणखी एक फोटो मागितल्यावर जाहिरातच काढून टाकली गेली. आगाऊ रक्कम त्याने दिलेली नव्हती. सगळे फोटो आणि चिठ्ठीवरची तारीख मात्र त्याने जपून ठेवली आहे, कारण तोच पाण्याचा डाग असलेली तीच बॅग महिनाभराने दुसऱ्या नावाने, चेंबूरच्या पत्त्यावर पुन्हा विक्रीला आलेली त्याला दिसली.